पोरीचा तीळ परत आणायचा असेल तर: फोटोशॉपमध्ये मूळ फोटोला हात न लावता रिटचिंग कसं करायचं

अल्बम लॅबला जायच्या आदल्या दिवशी नवरीच्या आईचा फोन येतो, "भाऊ, फोटो मस्त झाले पण पोट्टीच्या ओठावरचा तीळ कुठी गेला? अन् एवढी गोरी काऊन केली, ते आमची वाटूनच नाही राहिली." नागपुरात लग्नाचे फोटो एडिट करणाऱ्या कोणालाही विचारा, हा फोन त्याला कधीतरी आलेला असतोच, सीताबर्डीतल्या मोठ्या स्टुडिओपासून नंदनवनात घरच्या खोलीत बसून अल्बम करणाऱ्या पोरापर्यंत. आता इथे दोन प्रकारचे लोक असतात. एकाने तीळ थेट फोटोवर ब्रश मारून उडवलेला असतो आणि फाइल सेव्ह करून बंद केलेली असते, त्याला पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागते. दुसरा फाइल उघडतो, एका लेयरचा डोळा बंद करतो, तीळ जागेवर. फरक हाताच्या सफाईचा नाही, फाइल कशी रचली याचा आहे, आणि ती रचनाच आज सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बरेच जण म्हणतात की अंडू आहे ना, हिस्टरी पॅनल आहे ना. हिस्टरीत सुरुवातीला 50 स्टेप्स ठेवलेल्या असतात आणि ब्रशचा एक एक टिचका म्हणजे एक स्टेप, चेहऱ्यावरचे फोड काढताना 50 टिचके कधी संपले कळतसुद्धा नाही. आकडा सेटिंगमधून वाढवता येतो, पण फाइल बंद केली की सगळी हिस्टरी गेली. म्हणजे आज रात्रीपुरतं ठीक, पुढच्या महिन्यात येणाऱ्या फोनसाठी काहीच कामाचं नाही. परत फिरायची सोय फाइलच्या आत पाहिजे.

उदाहरण म्हणून एकच फोटो घेऊ आणि शेवटपर्यंत त्यालाच धरू. मे महिना, मंगल कार्यालय, दुपारचं लग्न, बाहेर जीव जाईल असं ऊन आणि आत लाल-पिवळ्या कापडाचा मंडप. नवरीचा अर्धा चेहरा त्या कापडातून येणाऱ्या उजेडाने नारिंगी झालाय, कपाळावर घाम, गालावर दोन-तीन फोड, हळदीचा एक डाग मानेवर, ओठाच्या वर तीळ, आणि पिवळ्या शालूची जर एका खांद्यावर पांढरीफटक झालेली. फोटो रॉमध्ये काढलाय, 24 मेगापिक्सेल.

पहिलं काम म्हणजे ही रॉ फाइल फोटोशॉपमध्ये कशी आणायची. कॅमेरा रॉच्या खिडकीत खाली Open बटण असतं, बहुतेक लोक तेच दाबतात, आणि मग रॉचं रूपांतर साध्या पिक्सेलमध्ये होतं, रॉमधली सगळी मोकळीक तिथेच संपते. त्या बटणाच्या बाजूच्या बाणात Open as Object आहे, ते घ्या. आता बॅकग्राउंडच्या जागी स्मार्ट ऑब्जेक्ट येतो, त्याच्या थंबनेलच्या कोपऱ्यात छोटंसं चिन्ह दिसतं, आणि त्यावर डबल क्लिक केलं की कॅमेरा रॉ पुन्हा उघडतो, सगळे स्लायडर जिथे सोडले होते तिथेच. सोप्या भाषेत सांगायचं तर मूळ रॉ फाइल आता पीएसडीच्या पोटात जाऊन बसली आहे, उद्या कार्ड फॉरमॅट झालं तरी या फोटोची निगेटिव्ह पीएसडीत आहे.

पण स्मार्ट ऑब्जेक्टवर थेट ब्रश चालत नाही. हीलिंग ब्रश मारायला गेलात की फोटोशॉप विचारतं, रॅस्टराइझ करू का? इथे घाईत ओके दाबणारे फार आहेत हो, आणि ओके दाबलं की स्मार्ट ऑब्जेक्टचा साधा फोटो झाला, पोटातली रॉ गेली. तो मेसेज आला की समजायचं आपण चुकीच्या लेयरवर उभे आहोत, कॅन्सल करायचं आणि वर एक नवा रिकामा लेयर घ्यायचा.

त्या रिकाम्या लेयरवर हीलिंग ब्रश घ्या आणि वरच्या पट्टीत Sample समोर `Current & Below` निवडा. आता ब्रश खालच्या फोटोवरून चांगली कातडी उचलतो आणि ठिपका मात्र या रिकाम्या लेयरवर टाकतो. खालच्या लेयरचा डोळा बंद करून बघा, पारदर्शक पडद्यावर कातडीचे छोटे छोटे गोल तरंगताना दिसतील, तेवढंच तुमचं काम, बाकी फोटो कोरा. एखादा गोल आवडला नाही तर या लेयरवर खोडरबर फिरवा, खालून मूळ कातडी वर येते.

या पट्टीत `All Layers` पण असतं आणि ते निवडलं तरी सुरुवातीला काही फरक दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं की दोन्ही सारखंच. गडबड तेव्हा होते जेव्हा वर आधीच एखादा कर्व्हज लेयर असतो. मग ब्रश कर्व्हजने उजळलेला रंग उचलतो, तो खालच्या लेयरवर टाकतो, आणि कर्व्हज त्याला पुन्हा एकदा उजळतो, म्हणजे डबल. फोड गेला आणि तिथे फिकट टिकली आली असं दिसलं की नव्वद टक्के वेळा हेच झालेलं असतं. स्पॉट हीलिंग ब्रशला तर फक्त `Sample All Layers` एवढीच टिचकी असते, त्यामुळे तो वापरताना वरचे रंगाचे लेयर आधी बंद करायचे, काम झालं की चालू.

आता तिळाचा विषय. एकाच हीलिंग लेयरवर सगळं काढून टाकलं तर लेयर असून उपयोग नाही, कारण तीळ परत आणायला लेयर बंद केला की फोड, घाम, हळद सगळंच परत. म्हणून किमान दोन लेयर करा. एकावर आज आहे उद्या नाही अशा गोष्टी, म्हणजे फोड, घाम, हळदीचा डाग, चेहऱ्यावर आलेले सुटे केस, या परत कोणी मागत नाही. दुसऱ्यावर त्या माणसाच्या स्वतःच्या गोष्टी, तीळ, जुनी खूण, डोळ्याखालची वळी, आणि लेयरला नाव द्या, तीळ म्हणून, Layer 7 कॉपी 3 असलं नाव दोन महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर तीळ न विचारता काढूच नये, पण धंद्यात कधी आईला नको असतो आणि पोरीला पाहिजे असतो, म्हणून वेगळा लेयर. डोळ्याखालची वळी पूर्ण काढली की चेहरा मेणाचा दिसतो, त्या लेयरची ओपॅसिटी 50-60 टक्क्यांवर आणली की वळी हलकी राहते आणि माणूस माणसासारखा दिसतो.

इथपर्यंत बऱ्याच लोकांना माहीत असतं. पुढचं मात्र लक्ष देऊन वाचा, कारण लेयर वेगळे ठेवूनही फाइल फसते ती इथेच.

समजा सगळे फोड काढून झाले, आणि आता वाटलं की फोटो जरा अंधारा आहे, रॉ तर स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये आहेच, डबल क्लिक केलं, एक्सपोजर अर्धा स्टॉप वाढवला, ओके. बघता तर काय, चेहऱ्यावर जिथे जिथे हीलिंग केलं होतं तिथे काळपट टिकल्या. झालं असं की हीलिंगचे ते गोल म्हणजे त्या वेळच्या फोटोतून उचललेले पिक्सेल आहेत, खालचा फोटो उजळला तरी ते जुन्याच उजेडात राहिले. शर्टाला त्याच कापडाचं ठिगळ लावलं आणि मग ठिगळ सोडून बाकीचा शर्ट रंगवला तर जसं दिसेल तसं. म्हणजे रॉ परत उघडता येते हे खरं, पण वर हीलिंग बसलं की ती मोकळीक अर्धीच राहते.

यातून कामाचा क्रम ठरतो. रॉमध्ये आधी पांढरा समतोल आणि एक्सपोजर नीट लावून घ्यायचं, घाई करायची नाही. मग हीलिंग. आणि रंगाचं, उजेडाचं बाकी सगळं काम हीलिंगच्या वर, अ‍ॅडजस्टमेंट लेयरमध्ये. वरचा कर्व्हज खालच्या फोटोला आणि ठिगळांना सारखाच लागतो, त्यामुळे टिकल्या दिसत नाहीत. फोटो अंधारा वाटला की रॉ उघडायची नाही, सगळ्यात वरचा कर्व्हज उचलायचा. अजून एक सोय आहे जी लोक विसरतात, कॅमेरा रॉमध्ये स्वतःचं हीलिंग टूल आहे आणि ते पिक्सेल साठवत नाही, कुठून घ्यायचं आणि कुठे टाकायचं एवढंच लक्षात ठेवतं, एक्सपोजर बदललं की ठिगळ पण आपोआप बदलतं. मोठे ठळक फोड, सेन्सरवरची धूळ वगैरे तिथेच काढलं तर चांगलं. शंभर बारीक डाग मात्र तिथे काढत बसू नका, टूल जड होतं आणि हातही दुखतो.

आता मंडपाच्या कापडाचा नारिंगी रंग. हा फक्त डाव्या गालावर आणि गळ्यावर आहे, पूर्ण फोटो निळसर केला तर उजवा गाल आजारी दिसेल. एक कलर बॅलन्स लेयर घ्या, स्लायडर थोडे निळ्याकडे आणि थोडे सायनकडे न्या, फक्त डाव्या गालाकडे बघत, बाकी चेहरा बिघडू द्या. मग त्या लेयरचा मास्क निवडून Ctrl+I दाबा, मास्क काळा होतो आणि लेयरचा परिणाम दिसेनासा होतो. आता पांढरा मऊ ब्रश घेऊन फ्लो 10 टक्क्यांच्या आसपास ठेवून डाव्या गालावर हळूहळू फिरवा. मास्कचा नियम एवढाच, पांढऱ्यात लेयर दिसतो, काळ्यात दिसत नाही, करड्यात अर्धामुर्धा. जास्त झालं तर X दाबून काळ्याने परत मागे या. इथे काहीही पुसलं जात नाही, खोडरबर आणि मास्क यात हाच फरक आहे.

मास्क बघायच्या दोन युक्त्या, नाहीतर आपण आंधळेपणाने रंगवत बसतो. Alt दाबून मास्कच्या थंबनेलवर क्लिक केलं की फक्त काळा-पांढरा मास्क दिसतो, राहिलेली भोकं आणि नाकावर सांडलेला ब्रश लगेच कळतो. Shift दाबून क्लिक केलं की मास्क तात्पुरता बंद. आणि कडा फार कडक वाटली तर मास्कवर ब्लर मारू नका, प्रॉपर्टीज पॅनलमध्ये फेदर नावाचा स्लायडर आहे तो वाढवा, तो कधीही परत शून्यावर नेता येतो, ब्लर मारलेला मास्क नेता येत नाही.

"एवढी गोरी काऊन केली" याचं उत्तरही इथेच आहे. चेहरा उजळणारा कर्व्हज वेगळा, पूर्ण फोटो उजळणारा कर्व्हज वेगळा ठेवला असेल तर चेहऱ्याच्या लेयरची ओपॅसिटी 100 वरून 40 वर आणायची, काम संपलं. दोन्ही एकाच कर्व्हजमध्ये कोंबलं असेल तर पोरगी सावळी करायला गेलात की मंडपही अंधारतो. कातडीचे चट्टे सारखे करायलाही मी दोन कर्व्हजच वापरतो, एक थोडा उजळ, एक थोडा गडद, दोघांचे मास्क काळे, आणि बारीक पांढऱ्या ब्रशने जिथे खड्डा तिथे उजळ, जिथे उंचवटा तिथे गडद. वेळ लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फ्रिक्वेन्सी सेपरेशनच्या अ‍ॅक्शन एका क्लिकमध्ये करून देतात, पण ती पद्धत पूर्ण फोटोच्या दोन पिक्सेलवाल्या प्रती करते, खाली काहीही बदललं तरी त्या जुन्याच राहतात, म्हणजे वरच्या ठिगळाचा प्रॉब्लेम आता पूर्ण फोटोभर. परत फिरायचं म्हटलं तर अख्खा ग्रुप डिलीट करणं एवढाच मार्ग.

शालूच्या जरीचं काम राहिलं. खांद्यावर ती पांढरीफटक आहे, रॉमध्ये हायलाइट्स खाली ओढले तर जर परत येते, पण रॉला हात लावला की चेहऱ्यावर टिकल्या. मग? रॉचा दुसरा ऑब्जेक्ट. लोक इथे Ctrl+J करतात आणि फसतात, कारण Ctrl+J ने केलेली स्मार्ट ऑब्जेक्टची प्रत आणि मूळ, दोघांचं पोट एकच असतं, एकात हायलाइट्स ओढले की दुसऱ्यातही ओढले जातात. लेयरच्या नावावर राइट क्लिक करून `New Smart Object via Copy` घ्या, आता दोन स्वतंत्र रॉ झाल्या. ही प्रत ओढून हीलिंगच्या लेयरांच्या वर आणि रंगाच्या लेयरांच्या खाली ठेवा. डबल क्लिक, कॅमेरा रॉमध्ये फक्त शालूकडे बघत हायलाइट्स खाली, जरीचे धागे दिसेपर्यंत, चेहरा राखाडी झाला तरी चालेल. ओके केल्यावर Alt दाबून मास्कच्या बटणावर क्लिक करा म्हणजे थेट काळा मास्क येतो, आणि पांढऱ्या ब्रशने फक्त शालू रंगवा. गळ्याशी जिथे कापड कातडीला टेकतं तिथे लहान ब्रश, आणि फेदर एक-दोन पिक्सेल. सांडलं की लगेच कळतं, कारण या ऑब्जेक्टमध्ये हीलिंग नाही, मास्क मानेवर गेला तर हळदीचा काढलेला डाग परत दिसायला लागतो.

एक मर्यादा मात्र आहे, रॉमध्येसुद्धा तिन्ही रंग पूर्ण भरून गेले असतील तर तिथे जर नाहीच, स्लायडर ओढला की फक्त राखाडी कापड मिळतं. आणि फोटो जेपेगमध्ये काढला असेल तर हे सगळं करता येतं, पण पांढऱ्यातून परत येण्यासारखं फारच थोडं शिल्लक असतं. स्मार्ट ऑब्जेक्ट जे आहे ते जपतो, नसलेलं आणत नाही.

दंड बारीक करा अशी मागणी पण येतेच, म्हणजे लिक्विफाय. स्मार्ट ऑब्जेक्टवर लिक्विफाय लावलं की ते स्मार्ट फिल्टर म्हणून खाली लटकतं, परत उघडून कमी-जास्त करता येतं. पण फक्त रॉच्या ऑब्जेक्टवर लावलं तर दंड आत सरकतो आणि दंडावरचं हीलिंग जुन्या जागीच राहतं, ठिगळ बाजूला कापडावर दिसतं. म्हणून रॉ, दोन्ही हीलिंग आणि शालूचा ऑब्जेक्ट असे चौघं एकत्र निवडून राइट क्लिक, `Convert to Smart Object`. चौघं एका मोठ्या ऑब्जेक्टमध्ये गेले, लिक्विफाय त्यावर लावा, सगळं सोबत सरकेल. तीळ परत पाहिजे झाला तर त्या मोठ्या ऑब्जेक्टवर डबल क्लिक करायचं, आतली फाइल वेगळ्या टॅबमध्ये उघडते, तिथे तिळाचा लेयर बंद करून Ctrl+S दाबून टॅब बंद करायचा, बाहेरचा फोटो आपोआप बदलतो. Save As करून दुसरीकडे ठेवलं तर बाहेर काहीच बदलत नाही आणि मग लोक म्हणतात फोटोशॉप बिघडलं. त्याच लिक्विफायच्या नादात बाहेरचे कर्व्हज पण आत कोंबू नका, रोज लागणाऱ्या गोष्टी हाताशी राहू द्या.

फाइल फार जड होते ही तक्रार खरी आहे पण दोष बहुतेक वेळा चुकीच्या लेयरला दिला जातो. 24 मेगापिक्सेलचा एक पूर्ण भरलेला लेयर 16 बिटमध्ये मेमरीत साधारण 144 एमबी घेतो, 8 बिटमध्ये त्याच्या निम्मे. चार वेळा Ctrl+J मारून फोटोच्या प्रती ठेवणारा माणूस तिथेच अर्ध्या जीबीच्या वर जातो. रिकाम्या लेयरवरचे हीलिंगचे ठिपके मात्र जेवढे रंगवले तेवढीच जागा घेतात, आणि कर्व्हजच्या लेयरमध्ये वजन फक्त मास्कचं. म्हणजे नीट रचलेली फाइल प्रतींच्या फाइलपेक्षा हलकीच निघते, जड करतात ते स्मार्ट ऑब्जेक्ट, आणि ते आपल्या फोटोत दोन-तीनच आहेत. पीएसडीची मर्यादा 2 जीबी आहे, अल्बमच्या मोठ्या शीटमध्ये ती ओलांडली तर पीएसबीमध्ये सेव्ह करायचं.

काम पार्टीला दाखवायच्या आधी एक तपासणी करा. सगळ्यात खालच्या लेयरच्या डोळ्यावर Alt दाबून क्लिक करा, बाकी सगळे लेयर बंद होतात. लिक्विफायचा मोठा ऑब्जेक्ट केला असेल तर आधी त्यावर डबल क्लिक करून आत जा आणि तिथे हे करा. कॅमेरा रॉमध्येच जे काढलं ते सोडून घाम, फोड, तीळ, नारिंगी गाल, पांढरीफटक जर, सगळं दिसलं पाहिजे. यातलं एखादं दिसत नसेल तर कुठेतरी मूळ लेयरवर ब्रश लागलाय किंवा Merge झालंय, आणि फाइल अजून उघडी आहे तोवर हिस्टरीतून ते शोधता येतं.

शेवटी अल्बमची शीट. 12 बाय 36 ची शीट 300 डीपीआयला 10800 बाय 3600 पिक्सेल होते, आणि लॅबला सपाट जेपेगच जातं, त्याला इलाज नाही. पण शीटच्या फाइलमध्ये फोटो ड्रॅग करून टाकायच्या ऐवजी `Place Linked` ने टाकला तर फोटोच्या पीएसडीत तीळ परत आणला की उघड्या शीटमध्येही येतो, शीट बंद असेल तर ती उघडून लेयरवर राइट क्लिक करून `Update Modified Content` करायचं, मग फक्त जेपेग नव्याने काढायची. यात धोका एकच, लिंक म्हणजे फक्त पत्ता असतो, शीटची फाइल पेन ड्राइव्हवर टाकून इतवारीतल्या डिझायनरकडे नेली आणि फोटोंचं फोल्डर घरच्या कॉम्प्युटरवर राहिलं की लेयरवर लाल प्रश्नचिन्ह येतं आणि फोटो जागेवर दिसत असला तरी एडिट होत नाही. दुसरीकडे न्यायचं असेल तर `File > Package` करा, ते शीट आणि जोडलेले सगळे फोटो एका फोल्डरमध्ये गोळा करून देतं, आणि पेन ड्राइव्हवर ते अख्खं फोल्डर टाकायचं.